मैत्री आणि प्रेमाच्या मधले दिवस

लग्नाच्या रिसेप्शनला, बुफेच्या रांगेत ताट हातात घेऊन उभे असलेले पाहुणे नवरा-नवरीबद्दल एक चौकशी हमखास करतात. ठरवून झालं, की आपलं आपण जमवलं? जमवलं असेल तर पुढचा प्रश्न येतो, कसं जमलं? उत्तर पुष्कळदा साधंच असतं : ‘आधी मित्रच होते.’ मग त्या दोघांना वेगवेगळं गाठून विचारून बघावं, की मैत्रीचं प्रेम नक्की कधी झालं? तो ट्रेकची रात्र सांगतो. ती म्हणते, ‘छे, त्याच्या कितीतरी आधी.’ एकाच गोष्टीच्या दोन सुरुवाती निघतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

मानसशास्त्राने या वाटेकडे बरीच वर्षं काणाडोळा केला. प्रेम कसं सुरू होतं यावरचे बहुतेक प्रयोग दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून झाले. त्यांची सोय सरळ होती. अनोळखी माणसं प्रयोगशाळेत आणता येतात, दोन वर्षांची मैत्री आणता येत नाही. 2021 साली कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या डॅनू अँथनी स्टिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 1,900 जणांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी सांगितलं, की आमचं नातं मैत्रीतूनच सुरू झालं. त्यातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटात प्रेमाआधीची मैत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षांची होती. शिवाय बहुतेकांनी मैत्री करताना मनात तसं काही धरलेलं नव्हतं. मैत्री हा प्रेमाचा मागचा दरवाजा आहे आणि धूर्त माणसं तिथून शिरतात, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. हे आकडे कॅनडा-अमेरिकेतले आहेत, आपल्याकडचे नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

त्या दोन वर्षांच्या शेवटी मनात काय घडतं, हे पाहण्यासाठी एक जोडी कल्पू. पुण्यात नवी पेठेतली अभ्यासिका. वैभव तासगावचा, रेश्मा बार्शीची, दोघं स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेले. मेस एक, चालू घडामोडींच्या नोट्स अर्ध्या त्याच्या, अर्ध्या तिच्या. पूर्वपरीक्षेत रेश्माची तीन गुणांनी हुकली, तेव्हा अमृततुल्यासमोरच्या कठड्यावर ती रात्री साडेदहापर्यंत बसून होती आणि शेजारी वैभव बसून होता, फारसं न बोलता. वैभवला क्लासमधली एक मुलगी आवडायची, तेव्हा तिला मेसेज काय पाठवायचा हे रेश्मानेच सांगितलं होतं. त्याचं पुढे काही झालं नाही, त्यावर दोघं पोट धरून हसले होते.

मग एका शनिवारी रेश्मा म्हणते, ‘उद्या बार्शीला जायचंय. बघायला येणारेत.’

याआधीही स्थळं आली होती. तेव्हा वैभव ‘फोटो दाखव, पगार सांग’ म्हणून तिची खेचायचा. या वेळी तो फोटो मागत नाही. पोटात काहीतरी खाली सरकल्यासारखं होतं आणि त्याला स्वतःचंच नवल वाटतं.

पुढच्या आठवड्यात जे बदलतं ते बाहेरून दिसण्याजोगं नसतं. चुरगळलेल्या टी-शर्टवर अभ्यासिकेत येणारा वैभव आता निघण्याआधी आरशात बघतो. रेश्माला मेसेज लिहून खोडतो, परत लिहितो. ती हसली तर कशावर हसली याचा विचार करतो. मैत्रीत त्याला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त चैन होती, तीच पहिल्यांदा जाते : तिच्यासमोर आपण कसे दिसतो याची फिकीर नसण्याची. प्रेमाची पहिली खूण म्हणून आपण धडधड, हुरहूर वगैरे सांगतो. पण जिवलग मैत्रीतून आलेल्या प्रेमात त्याआधी येतो तो अवघडलेपणा. कालपर्यंत जिच्याशी बोलताना शब्द शोधावे लागत नव्हते तिच्याशी बोलताना ते शोधावे लागतात. माणूस तोच असतो, पण आता त्याच्याकडून काहीतरी हवं असतं आणि ते मिळेलच याची खात्री नसते.

इथे कुणीही विचारेल, की दोन वर्षं ती समोरच होती, मग आत्ताच का? रूप बदललं नाही, स्वभाव बदलला नाही. याचा एक धागा 2015 सालच्या एका अभ्यासात सापडतो. ल्यूसी हंट, पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल या अमेरिकी संशोधकांनी 167 जोडपी घेतली आणि प्रत्येकाच्या रूपाला त्रयस्थ लोकांकडून गुण देववले. जी जोडपी ओळख होताच अल्पावधीत एकत्र आली होती, त्यांचे गुण एकमेकांशी बरेच जुळत होते. देखण्याला देखणी, बेताच्याला बेताची. पण ज्यांची एकत्र येण्याआधी नऊ महिन्यांहून जास्त ओळख होती, त्यांच्यात हा हिशेब सैल पडलेला दिसला. रूपात अंतर असलेल्या जोडप्यांचं समाधानही त्यामुळे कमी नव्हतं.

अनोळखी माणसाला आपण बाजारभावाने जोखतो आणि तो भाव सगळ्यांच्या मते साधारण सारखाच असतो. सहवास वाढला की मतं फुटू लागतात. एखादा मुलगा वर्गाला कंटाळवाणा वाटतो आणि एकीलाच तो विलक्षण विनोदी वाटतो, कारण त्याचा विनोद तिलाच ऐकायला मिळालेला असतो. रेश्मा साडेदहापर्यंत कठड्यावर बसून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अभ्यासिकेत हजर होती, हे वैभवने पाहिलेलं आहे. तिला बघायला आलेल्या मुलाला पोह्यांच्या बशीपलीकडून ते दिसण्याची सोय नाही. म्हणजे आकर्षण अचानक उगवलं असं नाही. त्याचं सामान साठत आलेलं होतं, स्थळाच्या बातमीने फक्त ते उघडून दाखवलं. ‘ही कायमची इथेच आहे’ हे गृहीतक मोडल्यावर माणूस आपल्याला किती हवा आहे ते कळतं.

आता मधले दिवस सुरू होतात. ते दोन आठवडे टिकतात किंवा दोन वर्षं. माझ्या मते या प्रवासातला खरा धोका याच दिवसांत असतो, विचारण्यात नव्हे.

वैभव काही बोलत नाही, पण बरंच काही करतो. रेश्माला बार्शीच्या पहाटेच्या एसटीला सोडायला तो साडेचारला उठून स्वारगेटला जातो. तिच्यासाठी राज्यघटनेच्या नोट्सची झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग करून आणतो. पंख्याखालची जागा धरून ठेवतो. त्याच्या दृष्टीने हे सगळं ओरडून सांगण्यासारखंच आहे. आता आणखी किती स्पष्ट बोलायचं? रेश्माच्या दृष्टीने मात्र वैभव आहेच तसा. मागच्या वर्षीही तो स्वारगेटला आला होता.

कॅनडातल्याच मॅनिटोबा विद्यापीठातल्या जॅकी व्होराउर यांनी 2003 साली सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच दाखवलं. ज्याच्या मनात ओढ असते त्याला वाटतं, की आपल्या साध्या कृतीतूनही समोरच्याला खूप काही कळलं असणार. प्रत्यक्षात समोर फार कमी पोचतं. आणि नकाराची भीती जितकी जास्त, तितका हा गैरसमज मोठा, कारण भित्र्या माणसाला आपण उचललेलं छोटं पाऊलही फार धाडसाचं वाटतं. त्यापूर्वी व्होराउर आणि रेबेका रॅटनर यांनी आणखी एक गंमत नोंदवली होती. आपण गप्प असतो तेव्हा ‘मला नकाराची भीती वाटते म्हणून गप्प’ असं आपण म्हणतो. समोरचा गप्प असतो तेव्हा मात्र ‘त्याला रस नाही म्हणून गप्प’ असं धरून चालतो. दोघंही घाबरून गप्प असू शकतात, हे दोघांनाही सुचत नाही.

जुन्या मैत्रीत ही अडचण दुप्पट होते. अनोळखी मुलाने पहाटे साडेचारला स्वारगेटला येणं ही घोषणाच असते. जिवलग मित्राने येण्याला काहीच अर्थ नसतो, कारण प्रेमाने करायच्या बहुतेक सगळ्या गोष्टी मैत्रीने आधीच करून टाकलेल्या असतात. खुणेसाठी काही शिल्लकच राहत नाही.

उलट्या दिशेनेही घसरगुंडी आहे. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल ब्लेस्के-रेचेक यांनी 2012 साली मुलगा-मुलगी अशा मित्रांच्या 88 जोड्यांना वेगवेगळं विचारलं. मुलग्यांना मैत्रिणींबद्दल जास्त आकर्षण होतंच, शिवाय मैत्रिणीलाही आपल्याबद्दल तेवढंच वाटत असणार असा त्यांचा अंदाज होता, आणि तो फुगलेला होता. मुलींचा अंदाज उलट बाजूने, कमी निघाला. म्हणून ‘तिलाही वाटतंय, मला कळतंय ना’ असं एखादा मुलगा मित्रांना छातीठोक सांगतो तेव्हा ते निम्मंच खरं धरावं. आणि ‘तो काय, भावासारखा आहे’ असं मुलगी म्हणते, तेव्हा तिनेही एकदा नीट बघायला हरकत नाही.

न बोलता कळून घ्यायचं असतं, म्हणून मग परीक्षा सुरू होतात. लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मॉट यांनी 1984 साली अशा गुप्त परीक्षांची यादीच केली होती. वैभव दोन दिवस मुद्दाम मेसेज करत नाही, रेश्मा विचारते का बघायला. रेश्मा बोलता बोलता क्लासमधल्या एका सरांचं जास्तच कौतुक करते आणि त्याचा चेहरा बघते. मेसवर एखादा ‘काय, वहिनी आल्या वाटतं’ म्हणून चिडवतो आणि कोण किती जोरात नाकारतं, याकडे दोघांचंही लक्ष असतं. या दोघा संशोधकांनी पुढच्याच वर्षी असंही नोंदवलं, की जवळच्या नात्यांमध्ये सर्वांत जास्त टाळला जाणारा विषय म्हणजे खुद्द ते नातं. पैसा, आजार, घरची भांडणं, सगळं बोललं जातं. ‘आपण एकमेकांचे कोण?’ एवढंच बोललं जात नाही.

अशा परीक्षांचं वाईट हे, की त्या मैत्रीचाच मालमसाला वापरतात. जिथे खोटं वागावं लागत नव्हतं तिथे डाव खेळले जातात. सहा महिने हे चाललं तर पुढे ‘हो’ येवो वा ‘नाही’, मैत्री आधीच झिजलेली असते. मग लोक म्हणतात, विचारलं म्हणून मैत्री तुटली. ती बऱ्याचदा न विचारल्याने तुटत आलेली असते.

आमचा वैभव विचारतो. कुठे आणि कसं, याला महत्त्व आहे. ग्रुपसमोर नाही, वाढदिवसाला केक कापताना नाही, आणि तिच्या मुख्य परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर नाहीच. तो तिला रात्री मेसवरून परत जाताना सांगतो.

‘रेश्मा, एक बोलायचंय. बरेच दिवस बोलायचं होतं. मला तू मैत्रीण म्हणून आवडतेसच, पण आता तेवढंच राहिलं नाहीये. उत्तर आज नको. आणि नाही असेल तर नाही म्हण, नोट्स आपल्या तशाच चालू राहतील.’

ती काही वेळ चालत राहते. मग म्हणते, ‘मूर्खा, परीक्षेच्या आधी सांगितलं असतंस तर अभ्यास तरी नीट झाला असता माझा.’

हे सुखाचं वळण. पण ‘नाही’ आलं असतं तर? रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या हकिकती गोळा केल्या, त्यात अनपेक्षित गोष्ट निघाली. नकार मिळालेल्यांच्या आठवणी कडू-गोड होत्या. दुःख होतं, पण त्यात काही सुंदर क्षणही होते. नकार देणाऱ्यांच्या आठवणी मात्र जवळपास सपाट कडू होत्या. काही चूक नसताना अपराधी वाटणं, चिडचिड, आणि वागावं कसं हेच न कळणं. प्रेमात झुरणाऱ्याने काय करायचं हे हजार सिनेमांनी शिकवलंय. सज्जन मित्राला नाही कसं म्हणायचं, हे एकाही सिनेमाने नीट शिकवलेलं नाही. उलट आपल्या सिनेमाने ‘ती नाही म्हणते म्हणजे अजून प्रयत्न कर’ हाच धडा पिढ्यान् पिढ्या गिरवून घेतला आणि त्याची किंमत मुलींनी मोजली.

त्याच हकिकतींमध्ये आणखी एक पेच होता. नकार मिळालेल्याला वाटत होतं, की समोरच्याने आपल्याला आशा दाखवली होती. नकार देणाऱ्याला तसं मुळीच वाटत नव्हतं. जुन्या मैत्रीत हे भांडण हमखास होतं, कारण एकीची माया हीच दुसऱ्याची आशा असते. म्हणून ‘आत्ता सध्या नको’, ‘तू खूप चांगला आहेस रे, पण...’ असली मऊ उत्तरं दयेपोटी दिली तरी क्रूर ठरतात. त्यातला ‘सध्या’ तेवढा ऐकला जातो. आणि विचारणाऱ्याची बाजू अशी, की ‘नोट्स चालू राहतील’ म्हटलं असेल तर त्या खरोखर चालू राहायला हव्यात. नकारानंतर मदत आटली, तर आधीची सगळी मदत हप्ता होती असा अर्थ निघतो, तोही मागील तारखेपासून. मैत्री नकारापेक्षा याने जास्त मरते.

आता ‘हो’ नंतरचं. इथे बहुतेक लेख संपतात, आणि जोडपी इथे चकतात.

पहिले दोन महिने सगळं सोपं वाटतं. एकमेकांच्या आवडीनिवडी पाठ असतात, ओळखीचे सोपस्कार नसतात. मग रेश्माचा मुख्य परीक्षेचा निकाल लागतो आणि तिचं नाव यादीत नसतं. वैभव जे नेहमी करायचा तेच करतो. शेजारी बसतो, थोड्या वेळाने म्हणतो, ‘कटऑफ बघू. कुठल्या विषयाने मारलं ते काढू.’ दीड वर्षापूर्वी याच वाक्याने तिला धीर आला होता. आज ती उसळते. ‘मित्र म्हणून हे ठीक होतं रे. आता पण हेच?’

वैभवला कळत नाही, त्याचं काय चुकलं. त्याचं काही चुकलेलं नाही, त्याची जागा बदलली आहे. सिंडी हझान आणि डेब्रा झाइफमन यांनी 1990 च्या दशकात दाखवलं होतं, की लहानपणी आईवडिलांकडून मिळणाऱ्या आधाराची कामं मोठेपणी हळूहळू दुसऱ्यांकडे सरकतात. जवळ असावंसं वाटणं आणि संकटात धाव घेणं, ही कामं मित्रांकडे लवकर येतात. पण दूर गेल्यावर जीव कासावीस होणं आणि ‘हा आहे म्हणून मी जगात काहीही करू शकते’ हा भरवसा, ही कामं शेवटी सरकतात आणि बहुधा जोडीदाराकडेच सरकतात. त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. रेश्माचं मन हे सामान आता वैभवकडे हलवायला लागलंय. त्यामुळे त्याच्या त्याच वाक्याकडून तिची अपेक्षा वाढली आहे, आणि हे तिलाही नीट ठाऊक नाही.

वर एक फसवी खात्री असते, की आपण एकमेकांना पूर्ण ओळखतो. केनेथ सॅविट्स्की, बोअझ केझार, निकोलस एप्ली वगैरेंनी 2011 साली जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि दोन अर्थ निघतील अशी वाक्यं बोलायला लावली. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय, हे जोडीदाराला परक्यापेक्षा जास्त कळेल अशी बोलणाऱ्याची खात्री होती. प्रत्यक्षात जोडीदार परक्यांहून सरस ठरले नाहीत. जवळीक वाढली की समजणं वाढतंच असं नाही, समजलं असेल हा विश्वास मात्र वाढतो. अनोळखीतून जमलेली जोडपी निदान विचारत तरी राहतात. मित्रांना वाटतं, आता काय विचारायचं! रेश्मा मैत्रीण म्हणून कशी आहे ते वैभवला ठाऊक आहे. मत्सर वाटला की ती बोलते की गप्प होते, तिच्या पगाराचा निर्णय कोण घेणार असं तिला वाटतं, स्पर्श तिला कधी हवासा असतो आणि कधी नकोसा, यातलं काही मैत्रीत समोर आलेलंच नव्हतं. इथे तो तिच्यासाठी जवळपास नवाच माणूस आहे आणि ती त्याच्यासाठी.

काही गोष्टींचा अर्थच पालटतो. पूर्वी रेश्माने एखाद्या मुलाबरोबर चहा घेतला तर ती वैभवसाठी बातमी होती, आता प्रश्न आहे. पूर्वी त्याने फोन उचलला नाही तर तो कामात असेल, आता कुणाशी बोलत असेल. शिवाय एकमेकांची जुनी प्रकरणं दोघांना तपशिलासकट माहीत आहेत, कारण त्या प्रकरणांचे सल्लागार तेच होते. क्लासमधल्या त्या मुलीला पाठवायचा मेसेज रेश्मानेच लिहून दिला होता, हे आता तितकंसं विनोदी राहत नाही.

आणि ज्याची कल्पना कुणालाच नसते ते नुकसान म्हणजे, वैभवशी भांडण झालं की रेश्माने सांगायचं कुणाला? आजवर ती असं सगळं वैभवलाच सांगत आली. प्रियकर मिळाला आणि त्याच दिवशी मित्र रजेवर गेला. ग्रुपकडे जावं तर तो दोघांचा ग्रुप. तिथल्या मैत्रिणीला बाजू घ्यायची नाही, आणि आपल्याला आधी का नाही सांगितलं, हा तिचा राग अजून गेलेला नाही. अशा जोड्यांनी दोघांच्या वर्तुळाबाहेरचं निदान एक माणूस जपावं असं मला वाटतं. बहीण असेल, शाळेतली मैत्रीण असेल. तिथे सगळं ओतायचं नसतं, पण दुसरा कान लागतो.

आपल्याकडे याहून मोठी एक गोष्ट आहे, जी कॅनडाच्या अभ्यासांत येणारच नाही. दोन वर्षं वैभव आणि रेश्माला एकमेकांची आडनावं फॉर्म भरण्यापुरतीच लागली. मैत्रीला जात विचारत नाहीत, निदान पुण्यात शिकणाऱ्या मुलांना तसं वाटत असतं. बार्शीला घरी ‘माझा मित्र वैभव’ म्हणून तो दोनदा जेवून गेला आहे, आईने आग्रहाने भाकरी वाढली आहे. तोच वैभव आता ‘मुलगा’ म्हणून यायचा म्हटल्यावर त्याच आईचा पहिला प्रश्न असतो, ‘त्यांच्यातला कोण?’ मैत्रीमुळे घरात मिळालेली जागा इथे उपयोगी पडते आणि आडवीही येते. ओळखीचा चेहरा आहे, मुलगा वाईट नाही हे माहीत आहे. पण घरच्यांना फसवल्यासारखंही वाटतं. ‘इतके दिवस मित्र मित्र म्हणत होतीस ती हीच भानगड का?’ या आरोपाला उत्तर देणं अवघड असतं, कारण ती खरोखरच मित्र म्हणत होती आणि तो खरोखरच मित्र होता. इथे मी एवढंच सुचवेन, की ‘हो’ झाल्यावर घरचा विषय वर्षभर झाकून ठेवू नये. दोघांपैकी एकाला घरचा विरोध अंगावर घेणं झेपणारच नाही असं असेल, तर ते पहिल्या काही महिन्यांत कळलेलं बरं. तेव्हा परतीची वाट जवळ असते.

मग एवढ्या खटाटोपाचं फळ काय? ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीच्या आधारे शॉन ग्रोव्हर आणि जॉन हेलिवेल यांना 2014 साली दिसलं, की लग्नाने आयुष्यातल्या समाधानात पडणारी भर, जोडीदारालाच आपला सर्वांत जवळचा मित्र मानणाऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट होती. फायदा विशेषतः मधल्या वयात, जेव्हा नोकरी, मुलं आणि म्हातारे आईवडील एकदम अंगावर येतात. लॉरा व्हँडरड्रिफ्ट आणि सहकाऱ्यांच्या 2013 सालच्या अभ्यासात, आपल्या नात्यातल्या मैत्रीच्या भागाला किंमत देणाऱ्या अविवाहित जोड्यांची बांधिलकी पुढे जास्त टिकली, आणि प्रेम व शारीरिक समाधानही कमी नव्हतं. मैत्री आली की ओढ विझते, हा लोकप्रिय समज त्यातून तरी खरा ठरत नाही.

पण हे वाचून कुणी मित्राला लगेच मागणी घालू नये. हे निष्कर्ष टिकलेल्या मैत्रीचे आहेत, सुरुवातीच्या मैत्रीचे नव्हेत. ठरवून लग्न झालेले आणि दहा वर्षांत एकमेकांचे घट्ट मित्र झालेले नवरा-बायकोही त्यात मोजले जातात. आणि मित्र होते म्हणून जमलं असं सांगायला मागे उरतात ते ज्यांचं जमलं तेच. ज्यांचं फिसकटलं ते रिसेप्शनच्या रांगेत भेटत नाहीत.

फिसकटलं तर मैत्री परत मिळते का? कॅन्सस विद्यापीठातल्या रेबेका ग्रिफिथ, ओम्री गिलाथ आणि सहकाऱ्यांनी 2017 साली प्रेम संपल्यावरही मित्र राहिलेल्यांची कारणं तपासली. कुणाला भावनिक आधार सोडवत नव्हता, कुणाची व्यावहारिक गरज होती, कुणी सौजन्य म्हणून राहिलं, आणि कुणाच्या मनात अजून आशा होती. आधारासाठी किंवा गरजेपोटी टिकलेली मैत्री बरी चालली. आशेपोटी टिकवलेल्या मैत्रीतून मात्र उदासी आणि मत्सर निघाले. म्हणजे तुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ‘आपण परत मित्र’ असं म्हणणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारून बघावा : तिने किंवा त्याने उद्या नव्या माणसाचा फोटो दाखवला, तर आपण पूर्वीसारखं ‘पगार सांग’ म्हणू शकू का? उत्तर नाही असेल, तर काही महिने लांब राहिलेलं बरं. नोट्स तेवढ्या एखाद्या तिसऱ्याच्या हाती पाठवाव्यात.